नळाची चावी: भाडेकायद्यातल्या एका कलमाचे वाचन

कायद्याच्या पुस्तकात जिन्यातला दिवा सहसा सापडत नाही. मुंबईच्या भाडेकायद्यात तो सापडतो. घरमालकाने भाडेकरूची कोणती सोय तोडायची नाही, हे सांगताना कायद्याने पाणी आणि वीज एवढ्यावर थांबणे सोयीचे होते. पण तो थांबत नाही. बोळातले दिवे, जिन्यातले दिवे, लिफ्ट, मैला आणि कचरा काढण्याची व्यवस्था अशी एकेक गोष्ट नाव घेऊन तो सांगतो. ही यादी तयार करणाऱ्याला चाळीतल्या अंधाऱ्या जिन्याची माहिती होती, असे ती वाचताना सतत वाटत राहते.

घरमालकाने पाणी बंद केले, वीज तोडली, भाडेकरू कंटाळून निघून गेला, अशा हजारो गोष्टींची कुठेही नोंद नाही. जो भाडेकरू निघून गेला त्याने अर्ज केला नाही, आणि अर्ज नाही म्हणून कागदही नाही. या इतिहासाचे जे धड साधन उरते ते म्हणजे कायद्याचा मजकूर. मनाई करणारे प्रत्येक वाक्य आपल्याला एवढे तरी सांगते, की ते लिहिणाऱ्याला अमुक गोष्ट घडत असल्याचे दिसत होते किंवा घडेल अशी भीती होती. तेवढ्याच भरवशावर काही कागद इथे वाचायचे आहेत: 1910चा वीज कायदा, 1947चा मुंबई भाडेकायदा, 1999चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 2003चा वीज कायदा आणि 2022चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल. सगळे वाचताना प्रश्न एकच ठेवू: नळाची चावी कोणाच्या हातात आहे, आणि ती त्या हातातून काढून घेण्यासाठी कायद्याने काय केले?

सुरुवात 1947पासून करावी लागते. त्या वर्षीचा मुंबईचा भाडेकायदा 13 फेब्रुवारी 1948 रोजी अमलात आला. त्याने दोन गोष्टी केल्या. 1 सप्टेंबर 1940 रोजी जागेचे जे भाडे होते तेच प्रमाण भाडे धरले, म्हणजे भाडे युद्धकाळातल्या आकड्यावर थिजवले. आणि कायद्याने मोजून दिलेल्या कारणांवाचून, तेही न्यायालयात सिद्ध केल्यावाचून, भाडेकरूला काढता येणार नाही असे ठरवले. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या की तिसरीची गरज आपोआप कळते. ज्याला भाडे वाढवता येत नाही आणि भाडेकरूला सरळ काढताही येत नाही, त्याच्या हाती एकच उपाय राहतो: भाडेकरू स्वतःहून निघून जाईल अशी वेळ आणणे. दार त्याला बंद करता येत नव्हते, पण नळ बंद करता येत होता. 1947च्या कायद्यातले कलम 24 या नळासाठी आहे.

त्या कलमाचे पहिले वाक्य सावकाश वाचण्यासारखे आहे. भाडेकरू जागेबरोबर उपभोगत असलेला कोणताही आवश्यक पुरवठा किंवा सेवा, घरमालकाने स्वतः किंवा आपल्या वतीने वागणाऱ्या अथवा वागतो असे दाखवणाऱ्या माणसामार्फत, न्याय्य किंवा पुरेशा कारणाशिवाय तोडायची नाही आणि रोखूनही धरायची नाही, असा त्याचा आशय आहे. ‘आपल्या वतीने वागणारा’ म्हणजे भाडे वसूल करणारा मेहता, चाळीचा रखवालदार, पंप चालवणारा गडी. मालक गावाला होता, त्याला काही ठाऊक नव्हते, गड्याने परस्पर केले, ही सबब या शब्दांनी अगोदरच बाद होते. ‘तोडणे’ आणि ‘रोखून धरणे’ हे दोन शब्द वेगळे ठेवण्यालाही कारण आहे. तार कापली की ती तोडली. पंप चालूच केला नाही, तर काही तोडले नाही, पण पाणी रोखून धरले.

हा फरक समजण्यासाठी मुंबईच्या इमारतीत पाणी कसे चढते ते पाहायला हवे. महापालिकेचे पाणी दिवसभर येत नाही. पालिकेचा चावीवाला गल्लीतला व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी उघडतो आणि काही तासांनी बंद करतो. त्या पाण्याला वरच्या मजल्यापर्यंत चढण्याइतका जोर बहुधा नसतो. म्हणून ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत जाते आणि तिथून नळांनी मोरीमोरीत उतरते. पालिकेची जोडणी साधारणपणे सबंध इमारतीला एक आणि मालकाच्या नावावर. पंपाची वीज सामायिक मीटरवर, तोही मालकाच्या नावावर. जिन्यातले दिवेही बहुतेक वेळा त्याच मीटरवर. म्हणजे बिऱ्हाडाबिऱ्हाडाचा वीजमीटर भाडेकरूच्या नावावर असला, त्याचे बिल तो वेळेवर भरत असला, तरी त्याचे पाणी मालकाच्या एका खटक्यावर अवलंबून असते. तो खटका खाली राहिला की नळ कोरडे पडतात. फुटलेला नळ नाही, तुटलेली तार नाही, पंचनामा करावा असे काहीही नाही.

याहून अवघड युक्ती अशी, की मालक खटक्यालाही हात लावत नाही. तो पाण्याचे किंवा सामायिक मीटरचे बिल भरत नाही, एवढेच. काही काळाने पालिका किंवा वीज कंपनी येते आणि थकबाकीपोटी जोडणी तोडते. तोडणारा हात सरकारी, कागद कायदेशीर, आणि मालक म्हणतो की मी काय केले? कलमाच्या स्पष्टीकरणात याला नेमके उत्तर आहे. मालकाच्या कृतीमुळे किंवा त्याने न केलेल्या गोष्टीमुळे पालिकेने अथवा अन्य सक्षम अधिकाऱ्याने पुरवठा तोडला, तर तोही मालकाने रोखून धरल्यासारखाच मानायचा. या कलमातली सर्वात शहाणी ओळ मला हीच वाटते. आपल्याकडे कायदे बहुतेक ‘केले’ यावर बोट ठेवतात. ही ओळ ‘केले नाही’ यावर ठेवते, आणि मधल्या सरकारी हाताच्या पलीकडचा खरा हात ओळखते.

आता उपाय. 1999चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 रोजी अमलात आला आणि कलम 24चा गाभा त्यात कलम 29 म्हणून आला. राहत्या भाडेकरूने न्यायालयात अर्ज करायचा. मुंबईत लघुवाद न्यायालयात, म्हणजे लोक ज्याला स्मॉल कॉज कोर्ट म्हणतात तिथे. जिथे असे न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीशाकडे. एकाच इमारतीतल्या सगळ्या किंवा काही भाडेकरूंना मिळून एकच अर्ज करता येतो. ही सोय छोटी नाही. एकटा अर्जदार मालकाच्या डोळ्यांवर येतो. वीस सह्या असल्या की कोणा एकाला वेगळे काढता येत नाही. परिस्थिती तशी असेल तर मालकाला नोटीस निघण्यापूर्वीच न्यायालय अंतरिम आदेश देऊन अमुक तारखेच्या आत पुरवठा पूर्ववत कर असे सांगू शकते. चौकशीअंती मालकाने विनाकारण पुरवठा तोडल्याचे दिसले तर न्यायालयाला तारीख घालून आदेश द्यावाच लागतो. तारीख उलटली तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला दंड. शिवाय मूळ कृत्य हाच गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कागदावर हे भक्कम आहे. पण दोन्ही कायदे शेजारी ठेवले की एक आकडा खटकतो. रोजच्या दंडाची कमाल मर्यादा 1947 साली शंभर रुपये होती. 1999च्या कायद्यातही ती शंभर रुपयेच आहे. 1948 साली चाळीतल्या खोलीचे महिन्याचे भाडे शंभराच्या पुष्कळ खाली असे. तेव्हा एका दिवसाचा दंड मालकाच्या महिन्याच्या उत्पन्नाला झोंबत होता. 2000 साली महिनाभर आदेश मोडणाऱ्याला जास्तीत जास्त तीन हजार रुपये पडणार होते, आणि रिकामी होणारी जागा लाखोंची होती. भाडे थिजवल्यामुळे मालकांवर अन्याय झाला हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997मध्ये मान्य केले आणि नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली. दंडाचा आकडा मात्र तसाच थिजलेला राहिला. भाडेकरूच्या बाजूने उभे राहणाऱ्या कोणाच्याही ध्यानात हे येऊ नये, याचे वाईट वाटते.

त्याहून खोल अडचण दंडाची नाही, चावीची आहे. कलम 24 मालकाला सांगते की नळ उघड. त्याने उघडला, महिन्याने पुन्हा बंद केला, तर पुन्हा अर्ज. चावी शेवटी त्याच्याच खिशात. ती खिशातून काढणारा विचार 1999च्या कलमाच्या शेवटच्या भागात आहे. ज्या भाडेकरूचा पुरवठा मालकाने रोखला आहे, किंवा ज्याला स्वतःच्या खर्चाने असा पुरवठा घ्यायचा आहे, त्याने थेट पालिकेकडे किंवा संबंधित यंत्रणेकडे अर्ज करावा. आणि मालकाच्या ना-हरकत दाखल्याचा आग्रह न धरता त्या यंत्रणेने तो मंजूर करणे कायदेशीर राहील. ज्याने कधी मीटरसाठी खेपा घातल्या आहेत त्याला ‘एनओसी आणा’ या दोन शब्दांचे वजन वेगळे सांगायला नको. खिडकीवरचा कारकून भाडेकरूला परत त्याच माणसाकडे पाठवत असे, ज्याच्यामुळे तो खिडकीवर आला होता.

विजेच्या बाबतीत हा विचार नवा नव्हता. 1910च्या वीज कायद्याच्या परिशिष्टात पुरवठ्याची मागणी कोण करू शकतो हे लिहिले होते: जागेचा मालक किंवा भोगवटादार. मधला ‘किंवा’ महत्त्वाचा. कायद्याच्या दृष्टीने वीज मागणारा जागेत आहे, एवढे पुरे होते. जागा त्याची असायला हवी असे नाही. 2003च्या वीज कायद्याच्या कलम 43ने तोच शब्दप्रयोग ठेवला, अर्ज आल्यापासून एक महिन्यात वीज देण्याचे बंधन वितरण कंपनीवर घातले आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. भाडेकायद्यातल्या शंभर रुपयांशी हा आकडा ताडून पाहावा.

तरीही कंपन्यांच्या खिडक्यांवर दाखला मागितला जातच राहिला. शेवटी 13 मे 2022 रोजी, महाराष्ट्रातून गेलेल्या एका फौजदारी अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की वीज ही मूलभूत सोय आहे. मालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. आणि वीज देणाऱ्या यंत्रणेने पाहायचे ते एवढेच, की अर्जदार त्या जागेत राहतो की नाही. 1910च्या ‘किंवा’चा हा 2022 सालचा अर्थ. शब्द कायद्यात होता, तो खिडकीपर्यंत पोचायला एकशे बारा वर्षे लागली.

पाण्याबाबत गोष्ट इतकी पुढे गेलेली नाही. भाडेकायदा म्हणतो की दाखल्याविना जोडणी देणे कायदेशीर राहील. देणे भाग आहे, असे तो म्हणत नाही. अधिकाऱ्याला परवानगी आहे, सक्ती नाही. शिवाय वीजमीटर खोलीपर्यंत येतो, पाणी मात्र जमिनीखालच्या टाकीतून आणि सामायिक पंपातूनच वर चढते. वेगळा नळ घ्यायचा तरी तो टाकायचा कुठून? म्हणून विजेसाठी भाडेकरूने आधी वीज कंपनीकडे जावे आणि पाण्यासाठी न्यायालयात, असा व्यवहारी निष्कर्ष या कागदांतून निघतो.

हे सगळे प्रत्यक्षात कसे लागू होते ते एका उदाहरणावर पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातला प्रत्येक टप्पा वरच्या कागदांतला आहे. समजा, गिरगावात तीन मजली चाळ आहे, बावीस बिऱ्हाडे, सगळे पागडीचे जुने भाडेकरू. मालकाला इमारत विकसकाला द्यायची आहे. एका सोमवारी वरच्या दोन मजल्यांवर पाणी येत नाही. मालकाचा माणूस सांगतो, मोटर जळाली.

पहिला प्रश्न: पाणी नेमके कुठे अडले? पालिकेच्या पाण्याच्या वेळेला कोणीतरी खालच्या टाकीचे झाकण उघडून पाहावे. टाकीत पाणी पडत असेल तर पालिकेचा पुरवठा चालू आहे आणि अडथळा पुढे आहे. पडत नसेल तर शेजारच्या चाळीत विचारावे. तिथेही पाणी नसेल तर पालिकेची कपात आहे आणि मालकाचा दोष नाही. शेजारी पाणी असून इथे नसेल तर बहुधा जोडणी तुटली आहे. पालिकेच्या विभाग कार्यालयात जाऊन ती थकबाकीपोटी तुटली का, हे लेखी विचारावे.

दुसरा प्रश्न: संध्याकाळी जिन्यातले दिवे लागतात का? लागत असतील तर सामायिक मीटर जिवंत आहे आणि बिघाड एकतर मोटरमध्ये आहे किंवा कोणाच्या मर्जीत. तेही बंद असतील तर मीटरच मेला आहे, आणि बहुधा बिल थकले आहे. आपल्या उदाहरणात टाकी भरलेली आहे आणि दिवेही बंद आहेत. म्हणजे मोटर जळाल्याची गोष्ट बहुधा खरी नाही. सामायिक वीज तुटली आहे, आणि बिल भरणे मालकाचे काम असेल तर प्रकरण थेट त्या स्पष्टीकरणात बसते: त्याने न केलेल्या गोष्टीमुळे दुसऱ्याने तोडलेला पुरवठा.

त्याच दिवशी मालकाला पत्र जावे, पोचपावतीसह. त्यात कोणत्या तारखेपासून, कोणत्या मजल्यांवर, किती बिऱ्हाडांचे पाणी बंद आहे आणि दिवे कधीपासून नाहीत, हे साध्या शब्दांत लिहावे. पत्र पुराव्यासाठी आहे, भांडणासाठी नाही. न्यायालयाला दोन गोष्टी पटवाव्या लागतात: पुरवठा आधी मिळत होता, आणि तो मालकामुळे बंद झाला. पहिलीसाठी भाडेपावत्या, जुनी बिले, पाण्याचे पैसे वेगळे दिल्याची नोंद. दुसरीसाठी टाकीचे तारखेसह फोटो, वीज कंपनीचे किंवा पालिकेचे थकबाकीविषयी उत्तर, पोलीस ठाण्यातल्या तक्रारीची प्रत. मालक पावत्या देत नसेल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. 1999च्या कायद्याचे कलम 31 त्यासाठीच आहे. गरज पडली तर न्यायालय कमिशनर नेमून जागेची पाहणी करवू शकते. भरलेली टाकी आणि कोरडे नळ एका अहवालात आले की ‘मोटर जळाली’ हे वाक्य फार काळ टिकत नाही.

मग बावीस सह्यांचा एकच अर्ज, सोबत अंतरिम आदेशाची मागणी, आणि आदेशात कोणती तारीख हवी ते स्पष्ट लिहिलेले. तारखेशिवाय आदेशाला धार नाही, कारण रोजचा दंड तारीख उलटल्यावरच सुरू होतो.

या सगळ्या काळात एक चूक हमखास होते. पाणी नाही तर भाडे नाही, असे म्हणून लोक भाडे थांबवतात. राग समजण्यासारखा आहे, पण यामुळे मालकाच्या हाती तेच शस्त्र जाते जे कायद्याने त्याच्याकडून काढून घेतले होते. भाडे थकले की कलम 15 उघडते. मालक नोटीस देऊन नव्वद दिवसांनी दावा लावू शकतो, आणि समन्स मिळाल्यावर नव्वद दिवसांत भाडेकरूने पंधरा टक्के व्याजासह थकबाकी भरली नाही तर जागा जाऊ शकते. म्हणून भाडे बँकेतून किंवा मनीऑर्डरने पाठवत राहावे. मालकाने परत केली तर परत आलेली मनीऑर्डर जपून ठेवावी. याच कलमाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. थकबाकीसाठी मालकाला कायद्याने स्वतंत्र रस्ता दिलेला आहे. त्यामुळे भाडे थकले म्हणून पाणी तोडले, हे ‘न्याय्य कारण’ म्हणून पुढे करणाऱ्याला विचारता येते: मग दावा का लावला नाही?

शेवटी या कलमाची हद्द सांगितली पाहिजे, कारण आज पुष्कळ लोक त्या हद्दीबाहेर राहतात. कलम 29 भाडेकरूसाठी आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा विद्यार्थी, नर्स, आयटीतला मुलगा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, परवानाधारक आहे. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे परवानाधारक राहते होते त्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला, त्यानंतरच्यांना नाही. पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमालकाने करार संपण्यापूर्वी वीज तोडली तर त्या मुलाला कलम 29चा अर्ज मिळत नाही. त्याला करारावर बोट ठेवून दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा लागतो, आणि तो रस्ता लांबचा आहे.

पण एक दार त्यालाही उघडे आहे. वीज कायद्यातला शब्द ‘भाडेकरू’ नाही, ‘भोगवटादार’ आहे. कराराची मुदत चालू आहे आणि तो जागेत राहतो, एवढे दाखवून तोही स्वतःच्या नावाने वीज मागू शकतो. 1910 साली तो शब्द लिहिणाऱ्यासमोर लिव्ह अँड लायसन्स नव्हते, गच्चीवरची टाकी आणि पुण्यातला फ्लॅटही नव्हता. त्याने एवढेच पाहिले की दिव्याची गरज घरात राहणाऱ्याला असते. पाण्याच्या बाबतीत हे अजून कोणी तितक्या स्पष्टपणे लिहिलेले नाही. ते लिहायला हवे, आणि ‘कायदेशीर राहील’च्या जागी ‘द्यावे लागेल’ असे लिहायला हवे.